पावसाळाभर वापरून: ट्रायपॉड, एनडी फिल्टर आणि फोनमधलं रेशमी पाणी

वाहतं पाणी फोटोत रेशमासारखं मऊ दिसावं म्हणून जूनच्या शेवटी नागपूरच्या सीताबर्डीतून तीन वस्तू घेतल्या. एक हलका अ‍ॅल्युमिनियमचा ट्रायपॉड, फोन धरायचा स्प्रिंगचा क्लॅम्प आणि फोनच्या लेन्सवर चिमट्यासारखा बसणारा एनडी६४ फिल्टर. आता ऑक्टोबर संपत आलाय. चार महिन्यांत अंबाझरी तलावाचा ओव्हरफ्लो, काटोल रोडकडचा एक नाला आणि चिखलदरा इतक्या ठिकाणी हे सामान वापरलं, तेव्हा आता मत द्यायला हरकत नाही.

आधी फिल्टर कशाला लागतो ते सांगतो, कारण दुकानात मलाही कोणी नीट सांगितलं नव्हतं. मोठ्या कॅमेऱ्यात लेन्सचं तोंड लहान करून प्रकाश कमी करता येतो. बहुतेक फोनमध्ये ते तोंड कायमचं उघडं असतं, माझ्या फोनमध्ये एफ १.८. त्यामुळे दिवसा शटर जास्त वेळ उघडं ठेवलं की फोटो पांढराफटक होतो. आयएसओ, म्हणजे फोन प्रकाश किती वाढवून घेतो तो आकडा, सगळ्यात खाली ५० वर आणला तरी भर उन्हात फोन साधारण १/४००० सेकंदाचं शटर मागतो. तेवढ्या वेळात पाण्याचा एकेक थेंब गोठलेला दिसतो. रेशमी पाण्याला निदान पाव ते अर्धा सेकंद हवा. एनडी६४ म्हणजे प्रकाशाचा चौसष्टावा भाग आत सोडणारी काळी काच. भर उन्हात तीही पुरत नाही: १/४००० चं फार तर १/६० होतं. म्हणून पहिला निष्कर्ष हा, की या फिल्टरवर दुपारी बारा वाजता धबधबा काढायला जाऊ नका. दाट ढग असावेत, नाहीतर संध्याकाळ व्हावी.

ऑगस्टमधली एक संध्याकाळ तपशिलात सांगतो. अंबाझरी भरून वाहत होता, सहा वाजून गेले होते आणि आभाळ गच्च होतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरानंतर मी सांडव्याजवळ उतरत नाही, लांबून, कठड्याच्या अलीकडूनच फोटो काढतो. प्रो मोडमध्ये आयएसओ ५० ठेवून फिल्टर न लावता पाहिलं, तर फोन १/१२५ सेकंद सांगत होता. त्याला चौसष्टने गुणलं की जवळपास अर्धा सेकंद. फोकस फिल्टर लावायच्या आधीच काठच्या दगडावर धरून कुलूपबंद केला, कारण काळी काच आल्यावर फोन फोकस शोधत बसतो. मग फिल्टर बसवला, शटर अर्ध्याऐवजी १/३ वर ठेवलं आणि दोन सेकंदांचा टायमर लावला. अर्ध्या सेकंदाला बाकीचं चित्र बरोबर दिसत होतं, पण फेस नुसता पांढरा ठिपका होऊन गेला असता, आणि एकदा पांढरा जळालेला भाग नंतर कशानेही परत येत नाही. थोडा काळोखा फोटो उजळता येतो.

पाणी छान आलं, घडीघडीचं. पण घरी मोठ्या पडद्यावर माझा भाचा म्हणाला, “मामा, पाणी तर हालते, पण दगड बी हालून राहिले ना!” त्याचं बरोबर होतं. दगडाच्या कडेला दुहेरी रेघ होती.

या चार महिन्यांतलं सगळ्यात महत्त्वाचं शिक्षण ते. फोनच्या छोट्या पडद्यावर पाण्याकडेच लक्ष जातं, म्हणून फसगत होते. फोटो काढल्याबरोबर ओला, स्थिर दगड पूर्ण झूम करून बघायचा. झाडाची पानं पुसट आणि दगड स्पष्ट असेल तर तो वारा, त्याला इलाज नाही. दगडही पुसट असेल तर दोष आधाराचा.

माझ्या बाबतीत तीन कारणं निघाली. ट्रायपॉडचा मधला दांडा मी पूर्ण वर ओढला होता. तेवढा एक दांडा वाऱ्याने डुलतो, पाय कितीही घट्ट असले तरी. मग स्थिर राहावा म्हणून खाली पिशवी लटकवली, तर पिशवीच वाऱ्याने झुलून ट्रायपॉड हलवू लागली. आता तिच्यात दगड भरून तिचं बूड जमिनीला टेकवतो. तिसरं कारण क्लॅम्प. फोन आडवा असताना त्याचा रबरी जबडा आवाजाच्या बटणावर येत होता आणि फोन हळूहळू घसरत होता. तो दोन बोटं बाजूला सरकवला आणि त्रास संपला. लोखंडी पुलावर मात्र काहीच चालत नाही. एक दुचाकी गेली तरी कंप येतो, गाड्यांच्या मधली शांतता पकडावी लागते.

फिल्टरचा चिमटा हा या संचाचा खरा कच्चा दुवा आहे. तो जरा तिरका बसला की एका कोपऱ्यात काळी सावली येते, आणि काच व लेन्स यांच्यात फट राहिली तर मागून उजेड शिरून मधोमध फिकट धुकं दिसतं. मी मागे उभा राहून हाताची सावली धरतो, त्याने भागतं. फोन स्वतःहून दुसऱ्या लेन्सवर उडी मारतो तेही बंद करावं लागतं, नाहीतर झाकलेली लेन्स एक आणि फोटो काढणारी दुसरी.

फिल्टर न घेताही हे जमतं का? काही अंशी. आयफोनमध्ये लाइव्ह फोटोला लाँग एक्स्पोजर करता येतं, इतर काही फोनमध्येही तसा मोड आहे. तिथे शटर एकदाच लांब उघडत नाही. फोन बरेच छोटे फोटो काढून त्यांची सरासरी करतो. एका सेकंदात तीस फोटो आणि प्रत्येक १/१२५ चा असं धरलं, तर शटर एकूण पाव सेकंदच उघडं होतं, उरलेला पाऊण सेकंद गाळलेला. म्हणून उजेडात वेगवान फेसाच्या सलग रेघेऐवजी तुटक ठिपक्यांची माळ दिसते. संध्याकाळी प्रत्येक फोटोच १/३० चा होतो, मधल्या फटी बुजतात आणि पाणी खरोखर सुरेख येतं. भाचीच्या फोनवर अंधार पडताना काढलेला नाल्याचा फोटो माझ्या फिल्टरच्या फोटोच्या बरोबरीचा होता.

चिखलदऱ्याला भीमकुंडाजवळ माझा अर्ध्या सेकंदाचा ठोकताळा चुकला. धबधबा दरीपलीकडे, लांब. प्रत्यक्षात पाणी जोरात कोसळत असलं तरी चित्रात ते तेवढ्या वेळात जेमतेम थोडं सरकतं, त्यामुळे धार खरखरीत आली. दीड सेकंदाला ती मऊ झाली. उलट काटोल रोडच्या नाल्यात हातभर अंतरावरून पाव सेकंद पुरला, आणि दोन सेकंद दिल्यावर सगळं दुधासारखं सपाट होऊन पाण्याचा वळसाच हरवला. आता तर नाला संथ झालाय, तिथेही एक सेकंदापर्यंत जावं लागतं.

तुषार ही रोजची कटकट आहे. काचेवरचा एक थेंब फोटोत रुपयाएवढा धूसर डाग होतो, म्हणून प्रत्येक फोटोआधी कोरड्या मऊ कापडाने पुसतो आणि दोन कापडं ठेवतो, कारण पहिलं दहा मिनिटांत ओलं होतं. गाडीच्या एसीतून थेट बाहेर आलात तर काच धुरकटते; पंधरा मिनिटं फोन बाहेर राहू द्या.

ट्रायपॉड ठेवतोय, मधला दांडा मात्र पुन्हा वर ओढणार नाही. क्लॅम्प बदलून स्क्रूने आवळायचा घेतलाय. फिल्टरच्या बाबतीत पुढच्या जूनच्या आधी चिमट्याऐवजी फोनच्या कव्हरवर फिरवून बसणारा बघणार आहे, एनडी६४ चाच.