चौकाच्या मधोमध कारंजं बसवायचं की मधला भाग मोकळा ठेवायचा?

गावातल्या चौकाचं सुशोभीकरण निघालं की बहुतेक वेळा दोनच नकाशे समोर येतात. पहिल्यात मधोमध गोल, त्याला रेलिंग, आत कारंजं किंवा पुतळा आणि हायमास्ट. दुसऱ्यात मधली जागा साफ मोकळी आणि झाडं, कट्टे, पाणपोई सगळं कडेला. निवड करायच्या आधी एक बघा, तुमच्या चौकातून गाड्या आरपार जातात का? चार रस्ते मिळत असतील आणि ट्रॅफिक वळवायचं असेल तर गोल बरोबर आहे, पण मग तो ट्रॅफिकचा गोल झाला, तिथे माणसं बसतील ही अपेक्षा सोडा. रस्ता एका बाजूने जातो आणि बाकी जागा माणसांची आहे असं असेल तर मी डोळे झाकून दुसरा नकाशा घेईन.

हिशोब करून बघा. समजा चौक २० बाय २० मीटर आहे, म्हणजे ४०० चौरस मीटर. मधे ८ मीटर व्यासाचा गोल केला तर जागा जेमतेम ५० चौरस मीटर जाते, म्हणून कागदावर नुकसान किरकोळ वाटतं. पण प्रत्यक्षात गोलाच्या चारी बाजूंना ६-६ मीटरचे पट्टे उरतात, आणि सभा असो की गणपतीसमोरचा कार्यक्रम, अर्ध्या लोकांना स्टेजच दिसत नाही कारण मधे कारंजं आडवं येतं. मोकळ्या चौकात एका चौरस मीटरला दोन माणसं धरली तर स्टेज आणि कडेची जागा सोडूनही पाचशे लोक आरामात उभे राहतात. जुन्या युरोपीय चौकांत पुतळे आणि कारंजी कडेला असायची, मधली जागा मोकळी, हे कमिलो सिट्टे या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकाराने १८८९ मध्येच दाखवून दिलं होतं. पुतळा बसवायचाच असेल तर एका कडेला, मागे भिंत किंवा झाड येईल असा बसवा, तिथे तो जास्त उठून दिसतो.

आता बसायचं. स्टीलचे बेंच लवकर लागतात, पण एका बेंचवर तिघं, तेही एकाच दिशेला तोंड करून, आणि उन्हात तापलेल्या स्टीलवर दुपारी कोणी टेकत नाही. कडेचा सलग कट्टा खर्चाला जास्त असला तरी मला तोच पटतो. उंची ४५ सेंटीमीटर आणि रुंदी ७५ ते ९० ठेवली की दोन्ही बाजूंनी बसता येतं, एकीकडे रस्त्याकडे बघणारे आणि दुसरीकडे चौकाकडे. वर काळा पॉलिश दगड लावू नका, तो तापतो. आणि म्हाताऱ्या माणसांना उठताना टेकू लागतो म्हणून कट्ट्याच्या काही भागाला पाठ आणि हात द्या, ही गोष्ट जवळजवळ प्रत्येक नकाशात राहून जाते.

कट्टा कुठल्या कडेला हे उन्हावर ठरतं. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा इमारतीची सावली नसतेच, फक्त झाड किंवा छप्पर कामाला येतं. पण साडेचारच्या सुमारास पश्चिमेच्या ७ मीटर उंच दुमजली इमारतीची सावली साधारण १० मीटर पूर्वेकडे पसरते. म्हणून मुख्य कट्टा पश्चिम कडेला घ्या, संध्याकाळची माणसं तिथेच येणार.

सावलीसाठी झाड की शेड? शेड लगेच सावली देते, पण पत्रा खाली उष्णता सोडतो आणि खांब कार्यक्रमाच्या मधे येतात. झाडाला पाच-सात वर्षं लागतात, तोवर कडेला हिरव्या नेटचा मांडव घालता येतो. वड-पिंपळ मोठ्या चौकाला शोभतात, छोट्या चौकात त्यांची मुळं फरशी उचकटतात, तिथे करंज किंवा कडुनिंब बरा. बुंध्याला टेकून काँक्रीट ओतू नका, निदान दीड मीटर बाय दीड मीटर माती उघडी ठेवा. जुन्या झाडाला पार बांधतानाही बुंध्याभोवती मातीचा थर चढवू नका, मुळांना हवा मिळेनाशी झाली की दोन-चार वर्षांत वरच्या फांद्या वाळायला लागतात, आणि दिसायला लागतं तेव्हा उशीर झालेला असतो. मिरवणुकीच्या रस्त्यावरच्या फांद्या मात्र साडेचार-पाच मीटरच्या वर ठेवाव्या लागतील.

मांडवाचं आधीच ठरवलेलं बरं. नाहीतर दरवर्षी पेव्हर ब्लॉक उचकटून बांबूला खड्डे घेतले जातात आणि दोन वर्षांत फरशी हलायला लागते. फरशी टाकतानाच जमिनीत झाकण असलेले पाइपचे सॉकेट बसवून घ्या, स्टेजच्या बाजूला विजेचा एक बंद पॉइंट द्या, आणि फरशीला शंभराला एक उतार द्या म्हणजे पावसाचं पाणी साचणार नाही.

गाड्यांचं विसरू नका. एक मीटरच्या अंतराने खांब लावले तर रिक्षा आणि कार थांबतात, व्हीलचेअर जाते, पण दुचाकी थांबत नाही. त्यामुळे दुचाकींना जवळच वेगळी पट्टी आखून दिली नाही तर त्या कट्ट्यासमोरच लागणार.