‘देव दयाळू आहे’ हे वाक्य अर्थपूर्ण आहे का? एयरचा पडताळा आणि अ‍ॅक्वायनसचं सादृश्य

धर्माच्या तत्त्वज्ञानाच्या पेपरात विसाव्या शतकातला ब्रिटिश तत्त्वज्ञ एयर घ्यावा की तेराव्या शतकातला ख्रिस्ती तत्त्वज्ञ अ‍ॅक्वायनस, असा प्रश्न पडला असेल तर आधी एक वाक्य हाताशी घ्या: ‘देव दयाळू आहे.’ दोघांनाही हेच वाक्य विचारा. मग लक्षात येतं की दोघं वेगवेगळ्या ठिकाणी बोट ठेवतात. एयर अख्खं वाक्य हातात घेतो, अ‍ॅक्वायनस ‘दयाळू’ हा एकच शब्द.

ए. जे. एयरने 1936 मध्ये ‘लँग्वेज, ट्रुथ अँड लॉजिक’ या पुस्तकात मांडलेला निकष असा: व्याख्येनेच खरं नसलेलं वाक्य अर्थपूर्ण ठरायला ते खरं की खोटं हे ठरवताना कुठला तरी अनुभव उपयोगी पडला पाहिजे. देवाबद्दलच्या वाक्यांना असा अनुभव नाही, म्हणून ती खोटी नव्हेत, निरर्थक आहेत. इथे विद्यार्थी हमखास घसरतात आणि एयरला नास्तिक ठरवून मोकळे होतात. एयरच्या हिशेबी ‘देव नाही’ हेही तितकंच निरर्थक, आणि ‘देव आहे की नाही हे कळत नाही’ या भूमिकेलाही आधार उरत नाही.

पण हा निकष स्वतःच टिकत नाही, आणि तो कुठे फुटतो हे आपल्याच वाक्यावर दाखवता येतं. एयर म्हणाला होता, एखादं वाक्य इतर गृहीतकांना जोडल्यावर त्यातून निरीक्षणाचं विधान निघालं, आणि ते नुसत्या त्या गृहीतकांतून निघत नसलं, तर वाक्य अर्थपूर्ण. आता हे गृहीतक घ्या: ‘देव दयाळू असेल तर ही भिंत पांढरी आहे.’ त्याला ‘देव दयाळू आहे’ जोडलं की ‘ही भिंत पांढरी आहे’ हे निघालं. नुसत्या गृहीतकातून ते निघत नव्हतं. म्हणजे वाक्य पास! याच रीतीने वाटेल ते वाक्य पास होतं. एयरने पुस्तकाच्या 1946 च्या आवृत्तीत हे मान्य करून निकष बदलला, पण बदललेल्या निकषातूनही जवळजवळ काहीही आत येतं हे तर्कशास्त्रज्ञ अलोन्झो चर्चने 1949 मध्ये दाखवलं. ‘निकष स्वतःच पडताळता येत नाही’ या पाठ केलेल्या आक्षेपापेक्षा मला हा कितीतरी भक्कम वाटतो. कारण ‘निकष म्हणजे विधान नव्हे, ती व्याख्या आहे’ असं म्हणून एयर पहिल्यातून सुटू शकतो, यातून नाही.

अ‍ॅक्वायनसची मांडणी ‘सुम्मा थिओलॉजिए’ या त्याच्या ग्रंथाच्या पहिल्या भागातल्या 13 व्या प्रश्नात आहे. आईला दयाळू म्हणताना जो अर्थ असतो, अगदी तोच देवाला लावला तर देव माणसाच्या मापाचा होतो. अर्थ पूर्णच वेगळा मानला, म्हणजे सोमवार हाही वार आणि तलवारीचा घाव हाही वार तसा, तर देवाबद्दल आपण काहीच बोललो नाही. मधली वाट सादृश्याची. डॉक्टर म्हणतात, तब्येत चांगली आहे, औषध चांगलं आहे, लघवी चांगली आहे. औषध तब्येत घडवतं, लघवी ती दाखवते. ‘चांगलं’ या शब्दाचे तिन्ही अर्थ एकाच तब्येतीभोवती फिरतात.

यावरून ‘देव दयाळू म्हणजे दयेचं कारण’ असा सोपा अर्थ लावू नका. अ‍ॅक्वायनस स्वतःच तो नाकारतो: देव शरीरांचंही कारण आहे, मग देवाला शरीर म्हणायचं का? त्याचं म्हणणं असं की दया देवात आधीपासून आणि पूर्णत्वाने आहे. आपल्यातली दया ही तिची अपुरी छाया. पण यासाठी देव जगाचं कारण आहे हे आधीच मान्य असावं लागतं. जो ते मानत नाही त्याच्यापुढे सादृश्य उभं राहत नाही. शिवाय त्याच्यानंतरच्या मध्ययुगीन तत्त्वज्ञ डन्स स्कोटसने विचारलं तेही विचारावंच लागतं: दोन्ही दयांत एकसारखा असा काहीच गाभा नसेल, तर एकीवरून दुसरीबद्दल तर्क करायचा कसा?

म्हणून एयरला उत्तर म्हणून सादृश्य पुढे करणारा निबंध मला पटत नाही. शब्दाचा अर्थ सांगितला म्हणून वाक्य काही दावा करतं हे सिद्ध होत नाही. खरी गाठ पडते ती ब्रिटिश तत्त्वज्ञ अँटनी फ्ल्यूशी. 1950 मध्ये त्याने घशाच्या कॅन्सरने मरणाऱ्या मुलाचं उदाहरण घेतलं. बाप धावपळ करून वेडापिसा झालाय, आणि स्वर्गातल्या पित्याची मात्र काळजीची एकही खूण नाही. तेव्हा आस्तिक म्हणतो, देवाचं प्रेम नुसतं माणसाचं प्रेम नव्हे. फ्ल्यूचा प्रश्न: मग काय घडलं तर तुम्ही ‘देव प्रेम करत नाही’ असं म्हणाल?

‘देवाचं प्रेम माणसासारखं नव्हे’ हे सादृश्याचंच वाक्य आहे. निबंधात एकच बाजू घ्यायची असेल तर मी एयर सोडून फ्ल्यू घेईन आणि अ‍ॅक्वायनसला त्याच्यासमोर बसवीन. अ‍ॅक्वायनसची बाजू घेणाऱ्याने त्या मुलाच्या खाटेपाशी उभं राहून सांगावं, प्रेमातला कोणता भाग माणसासारखाच राहतो आणि कोणता राहत नाही.