कडेला पाच इंच, मधे पावणेतीन

कुपवाडला गोडाऊनसाठी चाळीस बाय साठचा शेड बांधला आणि आत जमिनीला पाच इंच पीसीसी, म्हणजे सळई नसलेलं साधं काँक्रीट, करून वर सिमेंटची घोटाई, असा मटेरियलसकट स्क्वेअर फुटावर ठेका दिला. काम संपल्यावर ठेकेदारानं शटरपाशी स्वतःच टेप लावून दाखवला. "बघा शेठ, पाच भरतंय की!" भरत होतंच. मी त्याच दिवशी हिशेब चुकता केला.

तीन महिन्यांनी रॅक बसवायला माणूस आला. मधल्या रांगेत अँकरसाठी ड्रिल मारताना ते एकदम खाली गेलं. बिट बाहेर काढलं तर टोकाला तांबडा मुरूम. भोकात खिळा वाकडा करून घातला, खालची कड धरून मापलं: पावणेतीन इंच.

गोम मुरमात होती. भिंतीकडेला भराव नीट पाच इंच खाली ठेवलेला आणि मधे चढवलेला. वरून फळी लेव्हलमध्येच ओढली, त्यामुळे फरशी सपाट दिसते आणि काँक्रीट मात्र पोटात पातळ. मीही डोळे मिटलेले, दुसरं काय! चोवीसशे स्क्वेअर फुटाला पाच इंच म्हणजे हजार घनफूट, सुमारे २८ घनमीटर. एम-२० दर्जाच्या काँक्रीटला घनमीटरमागे सिमेंटची साधारण आठ पोती धरली तरी सव्वादोनशे पोती लागतात. रिकाम्या पोत्यांचे पंचवीस-पंचवीसचे सहाच गठ्ठे टेम्पोत चढताना मी पाहिले होते. म्हणजे दीडशे. माल ठरल्याप्रमाणे कालवला असला, तरी सरासरी जाडी सव्वातीन इंचांच्या आसपासच बसते.

जॉइंटही तसलेच. दर दहा फुटांवर रेघा छान होत्या, पण त्या ओल्या घोटाईत थापीच्या कडेनं ओढलेल्या, जेमतेम पाव इंच खोल. खाच जाडीच्या निदान चौथा हिस्सा हवी, पाच इंचाला सव्वा इंच. तरच काँक्रीट आकसताना खाचेखाली फुटतं आणि वर दिसत नाही. कटर मारायचा तर ओतल्यानंतर काँक्रीट कड न उडण्याइतकं घट्ट झालं की लगेच, फार तर दुसऱ्या सकाळी. आमच्याकडं तडा रेघेशेजारून वीतभर अंतरावर वाकडातिकडा गेला.

आता मधला भाग फोडून पुन्हा केला. या वेळी ओतायच्या आधी, मुरूम दाबून झाल्यावर, समोरासमोरच्या लेव्हलच्या खुणांवर लाइनदोरी ताणली आणि दर पाच-सहा फुटांवर दोरीपासून मुरमापर्यंत टेप धरला. दोन ठिकाणी चारच भरलं, तिथला मुरूम तासून घेतला. सगळं मिळून अर्धा तास गेला.

जुन्या ठेकेदाराला फोन केला होता. म्हणाला, "शेठ, मधे मुरूम फुगला असंल."