'१+१ वर्ष' की '२ वर्ष': टीव्हीची वॉरंटी निवडताना

जळगावच्या दुकानात दोन टीव्ही शेजारी असतात. एकावर '१ वर्ष पूर्ण + १ वर्ष पॅनल', दुसऱ्यावर '२ वर्ष पूर्ण'. ऐकायला सारखंच, पण पहिल्यात दुसऱ्या वर्षी फक्त पॅनल, म्हणजे पडद्याचा भाग, धरलेला असतो.

समजा, अठराव्या महिन्यात आवाज येतो, पण पडदा काळा. अंधारात टॉर्च तिरपी मारून बघा. चित्र पुसट दिसलं, तर बहुधा बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा उजेड, गेलाय. पहिल्या टीव्हीत इथंच वाद होतो, कारण काही कंपन्या बॅकलाइट पॅनलमध्ये धरतात, काही नाही. पॉवर बोर्ड गेला असेल तर खर्च तुमचाच. पडद्यावर उभी रेघ आली तर पॅनल मिळू शकतं, मजुरी मात्र अनेकदा वेगळी. दुसऱ्या टीव्हीत हे सगळं सहसा बसतं. हजार-दोन हजार जास्त पडले तरी मी दुसराच घेईन.

फुटलेला पडदा मात्र दोन्हीकडे बाद. म्हणून खोकं उघडल्यावर लगेच टीव्ही लावून व्हिडिओ काढा.

बिलावर तारीख, मॉडेल आणि सिरीयल नंबर हवा. तो टीव्हीमागच्या स्टिकरशी जुळवा. 'भाऊ, कच्चं घ्या, स्वस्त पडेल' याला भुलू नका. थर्मल कागदाचं बिल आपल्याकडच्या उन्हाळ्यात लवकर उडतं. त्याच दिवशी फोटो काढा.