शेव्हर, सेफ्टी रेझर, कार्ट्रिज: तिन्ही वापरून झाल्यावर (फॉइल फाटल्याच्या रागात लिहिलंय)

इलेक्ट्रिक शेव्हरचं फॉइल, म्हणजे कटरवरची जाळी, फाटलं. वॉरंटी शिल्लक होती म्हणून सर्व्हिस सेंटरला गेलो, तर काउंटरवरचा मुलगा एक नजर टाकून म्हणाला, "सर, हे कन्झ्युमेबल आहे, वॉरंटी फक्त मोटर आणि बॅटरीला." बरं, मग विकत दे. तर स्टॉक नाही, आणि येईल तेव्हा फॉइल-कटरचा सेट चौदाशेला. अहो, अख्खा शेव्हर साडेतीन हजाराचा! दीड-एक वर्षात फॉइल बदलायचं असतं हे माहितीपत्रकात बारीक अक्षरात होतं, किंमत मात्र कुठेच नव्हती. तर हा रिव्ह्यू थोडा या रागातून आहे, पण दाढीचं साहित्य मी बऱ्यापैकी उलटसुलट वापरलंय, त्यामुळे नुसती चिडचिड नाहीये.

आधी माझा चेहरा, कारण त्याशिवाय बाकीचं निरर्थक आहे. दाढी जाड, खुंट राठ, आणि कातडी अशी की जरा जोर झाला की लाल चट्टे. गालांवर काही नाही, सगळा त्रास जबड्याखाली. तिथले केस वरून खाली वाढत नाहीत, एका बाजूला खाली आणि दुसऱ्या बाजूला कानाकडे आडवे झोपलेले असतात. त्यात रोज गाडीवर जायचं, म्हणजे हेल्मेटचा पट्टा बरोब्बर त्याच जागेवर घासतो. पुरळ आलेलं असलं की सिग्नलला मान वळवायची पण नकोशी होते. ज्यांना असला त्रास नाही त्यांनी काहीही वापरा, खरंच काही फरक पडत नाही.

शेव्हर घेतला तो पाच पात्यांच्या कार्ट्रिजला कंटाळून. कार्ट्रिजमध्ये पहिलं पातं केस थोडा ओढून कापतं, आणि तो ओढलेला केस परत आत जायच्या आत मागचं पातं त्याला आणखी खालून कापतं. म्हणून हात फिरवला की एकदम गुळगुळीत लागतं. पण केस कातडीच्या पातळीच्या खाली कापला गेला आणि तो कुरळा किंवा आडवा वाढणारा असेल, तर बाहेर येताना त्याचं टोक आतच वळतं. दोन दिवसांनी तिथे पुटकुळी. नीट बघितलं तर पुटकुळीत काळा ठिपका किंवा केसाची वळलेली रेघ दिसते, तीच खूण. शिवाय पाच पाती म्हणजे एका हातात पाच वेळा खरवडणं, आणि आपण एक हात मारून थोडीच थांबतो.

शेव्हरमध्ये हा प्रकार नाही. फॉइल म्हणजे भोकांचा पातळ पत्रा, कटर त्याच्या आत, केस भोकातून आत शिरला तरच कापला जाणार. पातं कातडीला लागतच नाही. पहिले दोन-तीन आठवडे कातडी सवय होईपर्यंत कुरकुर करते हे खरं, पण नंतर पुटकुळ्या कमी झाल्या. तेव्हा कोणी विचारलं असतं तर डोळे झाकून शेव्हर घ्या म्हणालो असतो.

गडबड सोमवारी व्हायची. रोज दाढी केली तर शेव्हर उत्तम. शनिवार-रविवार कंटाळा केला की सोमवारी गळ्यावरचे लांब झालेले केस आडवे पडलेले असतात, ते भोकात शिरतच नाहीत, फॉइल त्यांच्यावरून नुसतं घसरतं. मग माणूस काय करतो? दाबतो. तीच जागा आठ-दहा वेळा घासतो. फॉइल गरम होतं, कातडी लाल होते आणि ते चार केस तिथेच. यावर उपाय आहे, आधी बिनकंगव्याच्या ट्रिमरने केस बारीक करून घ्यायचे, मग शेव्हर, आणि तोही कोरड्या चेहऱ्यावर, केसांच्या दिशेविरुद्ध, मोकळ्या हाताने कातडी किंचित ताणून. पण मग एका दाढीला दोन मशिनी, दोन चार्जर. वेळ वाचवायला म्हणून घेतलेलं ना हे?

फॉइल फाटायचं कारणही बहुतेक तेच, हनुवटीच्या हाडावर दाबणं. सफाईचा ब्रश फॉइलवर घासला तरी ते खराब होतं. ब्रश फक्त कटरला, फॉइल नुसतं झटकायचं किंवा पाण्याखाली धरायचं. कटरला अधूनमधून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब दिला की गरम कमी होतं. फाटलंय हे कळायची खूण म्हणजे एकाच जागी बारीक टोचणं आणि गळ्यावर सरळ ओरखडा. फॉइल काढून ट्यूबलाइटसमोर धरा, एखादं भोक शेजारच्या भोकाला मिळालेलं दिसेल. तसं दिसलं तर त्या दिवसापासून बंद, कारण मग कटर थेट कातडीला लागतो. मला हे टोचायला लागल्यावर कळलं, आणि चौदाशे रुपये ऐकून मी आणखी आठवडाभर तसंच रेटलं, हेही सांगतो.

आणि इथेच माझा मुद्दा आहे. तीन वस्तूंमध्ये कुठली चांगली हा प्रश्न मला आता दुय्यम वाटतो. धार बदलायला किती पैसे पडतात ते बघा. कार्ट्रिज एक साधारण दोनशेचं, त्यामुळे ते बोथट झालं तरी अजून चालतंय म्हणत दीड-दोन महिने ओढलं जातं. किमान आमच्या घरात तरी. बोथट पातं केस कापत नाही, उपटतं. आपण जोर वाढवतो, आणि मग सगळा दोष सेन्सिटिव्ह स्किनला. फॉइलचं तेच. जी धार बदलायला जिवावर येतं ती धार माझ्या कातडीला चालत नाही, मग तिची जाहिरात काहीही म्हणो.

म्हणून सेफ्टी रेझर. वडील वापरायचे तोच प्रकार, दुधारी पातं, वर झाकण, खाली दांडी. किंग जिलेटने 1904 मध्ये पेटंट घेतलेली गोष्ट, तेव्हापासून मूळ रचना जवळपास तीच आहे. पातं पाच-सात रुपयांना मिळतं, त्याहून स्वस्तही. चार दाढ्या झाल्या की फेकतो, कधी तीनच. दीडशे-दोनशे रुपयांत बरेच महिने निघतात आणि फेकताना हात थरथरत नाही. न्हाव्याच्या वस्तऱ्यात जे अर्धं मोडून घालतात तेच पातं हे, म्हणजे माझ्या कातडीला ते ओळखीचंच होतं.

पहिला महिना मात्र छान गेला असं म्हणणार नाही. हनुवटीवर आणि गळ्याच्या घाटीवर कापलं. कार्ट्रिजची सवय दाबायची असते आणि इथे दाबलं की रक्त. रेझर वजनदार असतो, ते वजनच पुरतं, दांडी टोकाकडे दोन बोटांत धरायची. कोन असा शोधायचा: झाकण गालाला टेकवून दांडी आडवी धरा, मग हळूहळू खाली आणत जा, केस कापल्याचा खरखर आवाज सुरू होईल तिथे थांबा. साधारण तीस अंश येतो. त्या आवाजावर लक्ष ठेवलं तर आरशाचीही फार गरज नाही. घाटीसाठी युक्ती अशी की आवंढा गिळायचा आणि घाटी वर असताना थांबायचं, किंवा बोटाने कातडी बाजूला सरकवून सपाट जागेवर हात चालवायचा.

त्याच सोमवारच्या दाढीचं आता काय होतं ते सांगतो. आंघोळीनंतर दाढी, म्हणजे केस दोन-तीन मिनिटं गरम पाण्यात भिजलेले असतात, भिजलेला केस फुगून मऊ होतो आणि कापायला कमी जोर लागतो. नळाला बोअरचं पाणी असेल तर फेस येतच नाही, तिथे फिल्टरचं अर्धा मग पाणी घेतो. ब्रशने फेस, क्रीम बदामाएवढंच. पहिला हात केसांच्या दिशेने, इंच-दीड इंचाचे छोटे हात, मध्ये मध्ये पातं धुवायचं. दोन पात्यांमध्ये केस अडकायचा प्रश्नच नाही कारण कापणारं पातं एकच, त्यामुळे तीन दिवसांची वाढही आरामात निघते. मग परत फेस आणि दुसरा हात आडवा. उलटा हात गालावर हवा तर मारा, गळ्यावर मारत नाही. गळ्यावर बोट फिरवलं की थोडं खरखरीत लागतं, लागू दे, तो खुंट कातडीच्या वर आहे म्हणूनच आत वळत नाहीये. शेवटी गार पाणी आणि ओली तुरटी. तुरटी कुठे झोंबली ते बघा, तिथे जोर जास्त पडलाय. अल्कोहोलवालं आफ्टरशेव्ह बंद केलं.

घेताना दोन गोष्टी. साधा बंद कंगव्याचा, म्हणजे पात्याखालची कड दातेरी नसलेला, सौम्य म्हणतात तो घ्या, पातं कमी बाहेर असलेला. स्वस्तातले बरेचसे रेझर जस्ताच्या मिश्रधातूचे असतात, ओल्या हातातून फरशीवर पडला की स्क्रूचा आटा मानेतच तुटतो. पितळेचा थोडा महाग पण टिकतो. आणि पाती मोठा पुडा घेऊ नका, आधी दोन-तीन कंपन्यांची एकेक डबी आणा. जास्त धारदार पातं बऱ्याचदा कमी त्रास देतं, ओढत नाही म्हणून, पण हे प्रत्येकाच्या केसावर आहे. वापरलेली पाती उघडी कचऱ्यात टाकू नका, कचरा वेचणाऱ्या ताई हातानेच वेगळा करतात. मी जुन्या डब्याला वर खाच पाडून त्यात टाकतो.

मग कार्ट्रिज गेलं का? अर्धा रिव्ह्यू लिहीपर्यंत मी गेलंच म्हणणार होतो. पण विमानात केबिन बॅगेत सुटी पाती नेऊ देत नाहीत, कार्ट्रिज चालतं. त्यामुळे साधं दोन पात्यांचं प्रवासाच्या पाउचमध्ये आहे. एकच हात, केसांच्या दिशेने, जोर नाही, प्रत्येक हातानंतर धुवायचं. अशा वापराला ते वाईट नाहीये, त्रास पाच पाती, उलटा हात आणि बोथटपणा एकत्र आले की होतो. आणि शेव्हरही सगळ्यांसाठी नाकारत नाही. माझ्या मेहुण्याचे केस बारीक, ड्युटीमुळे रोज दाढी, सकाळी पाच मिनिटं पण नसतात, त्याला शेव्हरच बरा. फक्त घेताना आधी फॉइल-कटरचा सेट कितीला आणि आत्ता मिळतोय का एवढं विचारा. दुकानदार अडखळला तर दुसरं मॉडेल.

गळ्यावर आत्ता पू झालेल्या पुटकुळ्या असतील तर यातलं काहीच घेऊ नका. काही आठवडे ट्रिमरने एक मिलिमीटर ठेवा आणि त्वचेच्या डॉक्टरला दाखवा, रेझरची खरेदी त्यानंतर.