‘इश्क’ की ‘मोहब्बत’?

सोलापुरातला एक भाचा मराठी चित्रपटासाठी गाणं लिहितोय. ध्रुवपदात ‘इश्क’ घ्यावा की ‘मोहब्बत’, यावर अडलाय.

आधी भावच्छटा. उर्दूत मोहब्बत आईवर, मित्रावरही असते; ती ऊबदार आणि टिकाऊ. इश्क माणसाला भान विसरायला लावतो, म्हणूनच सूफी तोच शब्द ईश्वरासाठीही वापरतात. मराठीत मात्र तो लावणीच्या फडातून रुळला. ‘इश्की’, ‘इश्कबाज’ म्हटलं की आपल्याला चावटपणा ऐकू येतो, सूफी दर्गा नाही. बेगम पेठेतला दखनी बोलणारा श्रोता कदाचित दोन्ही ऐकेल.

मग चाल. ‘इश्काचा’ सहा मात्रांत बसतो, ‘मोहब्बतीचा’ नऊ मागतो. शिवाय इश्क मराठी प्रत्यय सहज घेतो. ‘तुझ्या इश्कानं पेटले’ ही बोली झाली. ‘तुझ्या मोहब्बतीनं पेटले’ हिंदीचं ठिगळ वाटतं, आणि पेटणं तिच्या स्वभावातही नाही.

नायिका फडावर असेल, ओढ देहाची असेल, तर इश्क. सूफी ढंग हवा असेल तरी इश्कच, फक्त ‘इबादत’सारखा शब्द शेजारी ठेवून चावटपणा झाकावा लागेल. म्हाताऱ्या जोडप्याच्या गाण्याला मोहब्बत शोभेल, तीही प्रत्ययाविना, ओळीच्या शेवटी.