इन्व्हर्टर की साधा एसी? आमच्या बेडरूमचा हिशोब

गेल्या दोन-तीन वर्षांत निदान सात-आठ जणांनी मला हाच प्रश्न विचारला असेल. प्रत्येकाला मी आमच्याच घराची गोष्ट सांगतो, कारण दुसऱ्याच्या घराबद्दल खात्रीनं बोलण्याइतका मी या धंद्यातला माणूस नाही. आम्ही डोंबिवलीत वरच्या मजल्यावर राहतो. बेडरूम दहा बाय बारा. 2015 साली घेतलेला दीड टनाचा, तीन स्टारचा साधा स्प्लिट एसी त्या खोलीत नऊ उन्हाळे होता. मार्च 2024 मध्ये तिथे दीड टनाचाच पाच स्टारचा इन्व्हर्टर बसवला आणि जुना हॉलमध्ये नेला. म्हणजे दोन्ही प्रकार एकाच घरात, एकाच मीटरवर चालवून पाहिलेत.

साध्या एसीच्या कॉम्प्रेसरला एकच वेग माहीत असतो. चालू झाला की पूर्ण ताकदीनं, नाहीतर बंद. खोली थंड झाली की थर्मोस्टॅट त्याला कट ऑफ करतो, तापमान एक-दोन अंशांनी चढलं की तो पुन्हा सुरू होतो. इन्व्हर्टरमध्ये बाहेरच्या युनिटमधलं सर्किट आधी आपल्या एसी विजेचं डीसी करतं आणि मग त्यातून हव्या त्या फ्रिक्वेन्सीची वीज बनवून मोटरला देतं. त्यामुळे मोटर सावकाशही फिरू शकते. खोली थंड झाल्यावर कॉम्प्रेसर बंद न होता रेंगाळत चालत राहतो. (घरातल्या बॅटरीवाल्या इन्व्हर्टरशी याचा काही संबंध नाही. आमच्या शेजारच्या काकांना दुकानदारानं तसं भासवलं होतं.)

बचत नेमकी कुठून येते हे मला उशिरा कळलं. कॉम्प्रेसर हळू फिरतो तेव्हा गॅस कमी वाहतो, पण आतलं आणि बाहेरचं कॉइल तेवढंच मोठं राहतं. कमी गॅसला मोठं कॉइल मिळालं की उष्णता सहज बाहेर पडते, आणि दोन बाजूंच्या दाबांतला फरकही कमी होतो. म्हणून तेवढाच थंडावा कमी विजेत मिळतो. याचाच दुसरा अर्थ असा की इन्व्हर्टर पूर्ण वेगानं पळत असेल तेव्हा त्याचा काही विशेष फायदा नाही. उलट सर्किट स्वतः थोडी वीज खातं.

आता माझ्यासाठी निकाल ज्यानं लावला ती गोष्ट सांगतो. तिचा बिलाशी काही संबंध आहे असं मला आधी वाटलंच नव्हतं.

जुना एसी रात्री दर पंधरा-वीस मिनिटांनी सुरू व्हायचा. बाहेरचं युनिट खिडकीखालच्या अँगलवर, त्यामुळे सुरू होताना 'धडाम' असा आवाज आणि ग्रिलची थरथर. सुरू होताना असा कॉम्प्रेसर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढतो, म्हणून नाइट लॅम्पही क्षणभर मिचमिचायचा. आवाजाची सवय झाली असती. वैताग होता तो मधल्या वेळेचा. कॉम्प्रेसर बंद झाला की आतला पंखा फिरत राहायचा, आणि कॉइलवर साठलेलं पाणी त्याच वाऱ्याबरोबर परत खोलीत यायचं. दहा मिनिटांत अंग चिकट. मग चादर काढा, मग एसी सुरू झाला की चादर ओढा. बायको झोपेतच रिमोट चाचपायची आणि 25 चा 23 करायची. मुलगा कधीतरी 22 करून ठेवायचा. आम्हाला 23 हवं होतं अशातला भाग नव्हता. ती चिकट दहा मिनिटं नको होती, आणि ती टाळायचा एकच उपाय हाताशी होता.

नवा एसी आल्यावर पहिल्या आठवड्यात आपोआप 25 वर आलो, मग 26 वर. कोणी ठरवलं नव्हतं. खोली हलत नव्हती, म्हणून रिमोटला हात जात नव्हता.

हिशोब असा. मे 2023 मध्ये आणि मे 2024 मध्ये मी काही रात्री अकरा वाजता आणि सकाळी सात वाजता मीटरचा फोटो काढला, आणि फ्रिज-पंख्यांचे अंदाजे युनिट वजा केले. प्रयोगशाळेतलं मोजमाप नव्हे, पण आकडे बऱ्यापैकी सारखे येत गेले. जुना एसी चालू असताना सुमारे 1.6 किलोवॅट घ्यायचा. पहिला तास सलग आणि नंतर निम्म्याहून थोडा जास्त वेळ चालायचा. आठ तासांचे साधारण 8.4 युनिट, म्हणजे महिन्याचे 250. नवा पहिला पाऊण तास जोरात पळतो, नंतर अर्ध्या किलोवॅटच्या आसपास राहतो. 26 वर त्याचे रात्रीचे 4.8 युनिट, महिन्याचे 145.

मग मुद्दाम चार रात्री नवा एसी 23 वर लावून पाहिला. सहा युनिट आले. म्हणजे रात्रीच्या 3.6 युनिटच्या फरकातले 2.4 मशीनचे आणि 1.2 रिमोटचे. एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते असं ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी सांगते, त्याच्याशी हे जुळतं. मशीनच्या वाट्याच्या 2.4 मध्येही सगळं श्रेय इन्व्हर्टरला देता येत नाही, कारण एक मशीन जुनं तीन स्टारचं आणि दुसरं नवं पाच स्टारचं. पण उरलेला तिसरा हिस्सा त्या 'धडाम' आणि चिकटपणामुळे आम्ही इतकी वर्षं भरत होतो, हे मान्य करावं लागतं.

रुपयांत हे किती होतं ते तुमचं बाकीचं घर ठरवतं. महावितरणच्या घरगुती बिलात 100, 300 आणि 500 युनिटला टप्पे बदलतात आणि जितके युनिट ज्या टप्प्यात, तितक्यांनाच तो दर लागतो. एसीचे युनिट नेहमी ढिगाच्या वरच्या थरात बसतात. एसी सोडून आमचा वापर 190 युनिटचा. जुन्या एसीसह तो 440 व्हायचा, नव्यासह 335. फरकाचे सगळे 105 युनिट 300 च्या वरच्या टप्प्यात. 2024 च्या दरानं वहन आकार आणि वीज शुल्क धरून तिथला एक युनिट मला अठरा रुपयांच्या आसपास पडला, म्हणजे मे महिन्यात जवळपास एकोणीसशे रुपये. बाकीचं घर शंभर युनिटमध्ये भागवणाऱ्या जोडप्याच्या घरी यातले निम्म्याहून थोडे जास्त युनिट तेरा रुपयांच्या टप्प्यात पडतील आणि बचत सोळाशेच्या आसपास येईल. दुकानातला माणूस 'चाळीस टक्के बचत' म्हणतो तेव्हा ती एसीच्या युनिटवरची असते, तुमच्या बिलावरची नसते.

मला दोन्हींतला किमतीचा फरक नऊ हजार पडला. मार्च आणि ऑक्टोबरच्या कमी वापरासकट दोन उन्हाळ्यांत तो निघाला असं मी धरतो.

साध्या एसीची बाजू मात्र पोकळ नाही. ज्या खोलीत एसी दुपारी तासभर लागतो, तिथे दोन्ही मशीनं तो तास खोली थंड करण्यातच घालवतात आणि फरक नगण्य राहतो. टन कमी पडत असेल, वरचा स्लॅब तापत असेल किंवा दाराखाली फट असेल तर इन्व्हर्टरला हळू व्हायची संधीच मिळत नाही. हे ओळखायला सोपं आहे: रात्री दोन वाजताही बाहेरचं युनिट संध्याकाळसारखंच घोंघावत असेल तर तुम्ही जास्तीचे पैसे उगाच दिलेत. आमच्या आईसारखी 'तासभर लावा, मग बंद करून पंखा' ही सवय असेल तरी तेच. इन्व्हर्टर लावून ठेवायचं यंत्र आहे. प्रत्येक वेळी बंद-चालू केलात की तो पुन्हा पूर्ण वेगापासून सुरुवात करतो.

आणि दुरुस्ती. साध्या एसीत उन्हाळ्यात बहुधा कपॅसिटर जातो. बाहेरचं युनिट नुसतं गुणगुणतं, सुरू होत नाही. कोपऱ्यावरचा मेकॅनिक वीस मिनिटांत चार-पाचशे रुपयांत बदलून देतो. मेहुण्याच्या गावी व्होल्टेज 160 पर्यंत उतरतं, तिथे साधा कॉम्प्रेसर उठतच नाही आणि इन्व्हर्टर निमूट चालतो. पण लाइट गेल्यावर परत येताना जो झटका बसतो, त्यात इन्व्हर्टरचं सर्किट जाऊ शकतं. पाली आणि मुंग्यांनाही ती उबदार जागा आवडते. अशा ठिकाणी इन्व्हर्टर घ्यायचाच तर त्या सर्किटच्या बोर्डाची, म्हणजे पीसीबीची, वॉरंटी किती वर्षांची आहे ते आधी वाचा. कॉम्प्रेसरची दहा वर्षं मोठ्या अक्षरांत असतात, पीसीबीचं बारीक.

मी ते वाचलं नव्हतं. मे 2025 मध्ये, वॉरंटी संपून दोन महिने झाल्यावर, बाहेरच्या युनिटचा पीसीबी गेला. एक पाल आत जळालेली सापडली. आठ हजार रुपये आणि आठ दिवस, कारण त्या दिवसांत सर्व्हिस सेंटरकडे पार्टच नव्हता. दोन वर्षांच्या बचतीतला मोठा लचका तिथेच तुटला, आणि मी रोज फोनवर भांडत होतो तेव्हा कोणी विचारलं असतं तर साधाच घ्या म्हणालो असतो.

ते आठ दिवस आम्ही सगळे हॉलमध्ये गाद्या टाकून जुन्या एसीत झोपलो. पहिल्या रात्री मी 26 वर लावला आणि रिमोट टीव्हीच्या मागे ठेवला. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहिलं तर रिमोट बायकोच्या उशीखाली होता, आणि त्यावर 23.